‘पालखी आधी आमच्या दारी’ अशा अटीची देणगी परत करताना

प्रश्न: रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार चालू आहे. गावचेच, पण मुंबईत व्यवसाय करणारे एक गृहस्थ सभामंडपासाठी २५ लाख देतो म्हणतात. त्यांच्या अटी दोन. मंडपाला त्यांच्या वडिलांचं नाव द्यायचं, आणि शिमग्यात सहाणेच्या चौथऱ्यावरून उठलेली पालखी मानाच्या घरांआधी त्यांच्या घरी न्यायची. तसं पत्र आणि ५ लाखांचा चेक त्यांनी पाठवलाही आहे. विश्वस्त मंडळाचं मत नकाराचं आहे. मी सचिव, पत्र मलाच लिहायचं आहे. माणूस भला आहे, तुटायला नको. कसं लिहू?

उत्तर:

आधी चेकचं बघा. तो बँकेत भरू नका आणि भरला गेला नसेल याची आजच खजिनदारांकडून खात्री करून घ्या. कायद्याने दान पुरं होतं ते घेणाऱ्याने स्वीकारल्यावर. अटींचं पत्र आणि चेक एकाच पाकिटातून आलेत. चेक वटवला तर ‘पैसे घेतले म्हणजे अटीही घेतल्या’ असं उद्या ते किंवा त्यांची मुलं म्हणू शकतील. न्यायालयात काय टिकेल ते पुढचं पुढे, पण कागद तुमच्या विरुद्ध बोलायला लागतो, आणि गावात तर न्यायालयाच्या कितीतरी आधी बोलणं सुरू होतं. पत्र आणि चेक आवक नोंदवहीत चढवा, दोन्हींच्या छायाप्रती काढा, मूळ चेक कपाटात ठेवा. चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने असते. ती संपेपर्यंत थांबायचं नाही. चेक कपाटात पडून मुदतबाह्य झाला, तर समोरच्याला तो नकार वाटत नाही, अपमान वाटतो. पंधरा दिवसांत निकाल लावा.

चेक भरला गेलाच असेल, तर तेवढीच रक्कम बँकेमार्फत ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करा, आणि त्यासाठी मंडळाचा ठराव घ्या. रोखीने परत करू नका. पावती फाडली असेल तर तिच्या सगळ्या प्रती पुस्तकात जोडून त्यांवर ‘रद्द’ लिहा आणि सही करा. पावतीचं पान गायब असलं की लेखापरीक्षक पहिली शंका तिथेच काढतात.

आता अटींकडे येऊ. त्या एका पत्रात आल्या असल्या तरी त्यांची जात वेगळी आहे, आणि उत्तरातही त्या वेगळ्याच राहिल्या पाहिजेत. एकाच वाक्यात ‘आपल्या दोन्ही अटी मान्य करता येत नाहीत’ असं लिहिलंत की हातात काही उरत नाही. पालखीच्या बाबतीत तुमच्याकडे द्यायला काही नाहीच. नावाच्या बाबतीत थोडं आहे.

पालखीचा क्रम ट्रस्टने ठरवलेला नाही. सार्वजनिक विश्वस्त कायदा १९५० सालचा. तुमच्या देवस्थानची नोंदणी त्यानंतरच कधीतरी झाली असणार, आणि पालखी त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून फिरतेय. गुरव पालखीत देवीची रुपं लावतो, गाऱ्हाणं घातलं जातं, सहाणेवरून पालखी उठते आणि पहिल्या मानाच्या घरी जाते. हा क्रम ज्या घरांचा मान आहे त्यांचा आणि गावाच्या वहिवाटीचा आहे. विश्वस्त देवळाची मालमत्ता, उत्पन्न, हिशोब सांभाळतात. मान त्यांच्या मालकीचा नाही, म्हणून तो देताही येत नाही आणि त्याच्या बदल्यात पैसेही घेता येत नाहीत. तुमच्या पत्राचा कणा हाच ठेवा: ‘हा क्रम बदलण्याचा अधिकार विश्वस्त मंडळाकडे नाही.’ हे खरं आहे, आणि यात त्या गृहस्थांची लायकी, रक्कम, हेतू यातलं काहीच तोललं जात नाही.

एक गोष्ट मात्र पत्र लिहिण्याआधी तपासा. धर्मादाय कार्यालयाकडून तुमच्या देवस्थानच्या कारभाराची योजना मंजूर झालेली असेल, तर तिची प्रत काढून उत्सवांबद्दलचं कलम वाचा. काही योजनांमध्ये उत्सवाची व्यवस्था विश्वस्तांनी ‘रूढीप्रमाणे’ करावी असं असतं. तसं असेल तर तुमचं वाक्य आणखी पक्कं होतं. पण व्यवस्थेचे अधिकार मंडळाला मोकळेपणाने दिलेले असतील, तर ‘अधिकार नाही’ असं लिहू नका. ते खोटं ठरेल, आणि योजनेची प्रत त्यांच्या वकिलाला सहज मिळू शकते. मग लिहायचं ते असं: ‘चालत आलेला क्रम देणगीच्या संदर्भात बदलायचा नाही, असं मंडळाचं मत आहे.’

बहुतेक मंडळं इथे एक चूक करतात, आणि ती मीही एकदा होऊ दिली. नकाराचं कारण म्हणून ‘गावाचा विरोध आहे’ असं लिहितात. सोपं वाटतं, कारण दोष आपल्यावर येत नाही. पण वाचणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न येतो, कुणाचा विरोध? मी ज्या गावाला हे पत्र लिहून दिलं होतं, तिथल्या देणगीदारांनी मानाच्या प्रत्येक घरी फोन केले. दोन घरं ‘आमची हरकत नाही’ म्हणाली, कारण फोनवर तोंडावर नाही म्हणायला जड जातं. बाकीची घरं त्या दोन घरांवर चिडली. त्या शिमग्यात पालखी दोन तास सहाणेवर थांबून राहिली, ढोल बंद, आणि बाया ओटीची ताटं घेऊन उन्हात उभ्या. पालखीच्या मानाचे वाद तहसीलदारांपर्यंत आणि पुढे कोर्टात गेलेली गावं कोकणात आहेत. म्हणून नकार मंडळाचा, मंडळाच्या नावाने आणि मंडळाच्या मर्यादेमुळे असावा. मानकऱ्यांचं, गुरवांचं किंवा ग्रामस्थांचं मत पत्रात आणूच नका.

नावाच्या अटीला जास्त विचार लागतो, कारण तिथे तुमची बाजू कदाचित तेवढी स्वच्छ नसेल. देवळात एक फेरी मारा आणि लिहिलेलं सगळं वाचा. पंख्याच्या पात्यांवर नावं असतील, घंटेवर असेल, पायऱ्यांच्या लाद्यांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असेल. यात वावगं काही नाही. पण एखाद्या खोलीच्या किंवा भक्तनिवासाच्या दारावर कुणाचं नाव मोठ्या अक्षरांत असेल, तर त्या गृहस्थांचा पहिला प्रश्न तोच असणार: ‘त्यांना चालतं, मग माझ्या वडिलांना का नाही?’ याचं उत्तर तुमच्याकडे आधी तयार हवं.

मी देवस्थानांना जो फरक सांगतो तो साधा आहे. वस्तूवर किंवा फलकावर स्मरणार्थ नाव चालेल, वास्तूला नाव देता येणार नाही. सभामंडप देवीचा आहे, तो ‘कै. अमुक सभामंडप’ झाला की पत्रिकेत, पाट्यांवर, नकाशावर देवीच्या आधी त्या घराण्याचं नाव येतं. पुढच्या पन्नास वर्षांत मंडप दुरुस्त करायचा, पाडायचा, वाढवायचा म्हटलं की नावाचं काय करायचं हा वाद आधी उभा राहतो. याउलट मंडपाच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर, सगळ्या देणगीदारांचे एकाच मापाचे, एकाच दगडाचे फलक लावले आणि ते रकमेच्या नव्हे तर तारखेच्या क्रमाने लावले, तर पाच हजारवाला आणि पाच लाखवाला शेजारी बसतात. माप तुम्ही ठरवा. फूटभर रुंद आणि नऊ इंच उंच एवढं पुष्कळ होतं. गाभाऱ्याच्या चौकटीवर, मुख्य दारावर आणि कळसावर कुणाचंच नाव नाही, हेही फलकांच्या नियमाबरोबर मंडळाच्या ठरावात लिहा.

असा नियम आजवर नसेल, तर आता करा, पण तो जुना आहे असं भासवू नका. ‘आजवर याबाबत नियम नव्हता, आपल्या पत्रामुळे मंडळाने तो विचारपूर्वक केला’ असं लिहिणं प्रामाणिक आहे आणि त्यांना दुखावणारंही नाही. मात्र मग तो सगळ्यांना लावावा लागतो. भक्तनिवासाच्या दारावरचं जुनं नाव तसंच ठेवून नव्याला नियम दाखवला, तर तुमचं पत्र कितीही गोड असो, ते टिकत नाही. जुन्या देणगीदारांच्या घरी जाऊन, ते नाव आतल्या फलकावर हलवू का, असं विचारा. ते नाही म्हणाले तर निदान तुम्ही विचारलंत हे नव्या देणगीदाराला सांगता येतं, आणि ठरावात ‘यापुढे’ हा शब्द खरा ठरतो.

ठरावाबरोबर आणखी एक काम करून घ्या. २५ लाख येणार असं धरून मंडपाचं अंदाजपत्रक केलं असेल, तर त्याच बैठकीत ते पुन्हा मांडा. पाया आणि खांब यंदा, छप्पर पुढच्या वर्षी, असं काहीही. नाहीतर दोन महिन्यांनी ठेकेदार बिल मागायला आला की, आज नकाराच्या बाजूने असलेला विश्वस्तच ‘सचिवांच्या पत्राने २५ लाख गेले’ म्हणतो. मग कुणीतरी परस्पर फोन लावतो आणि तुमच्या पत्राला काही किंमत उरत नाही.

आता पत्र लिहायचं, पण पाठवायच्या आधी भेटायचं. नकार पहिल्यांदा कागदावर वाचायला मिळणं माणसाला लागतं. दोघांनी जा. अध्यक्ष, आणि दुसरा असा कुणी ज्याचं त्यांच्या घरी जाणंयेणं आहे. पाच-सात जण गेले की ते पंचायत बसल्यासारखं होतं. गणपतीला ते गावी येतात म्हणून तेव्हा उरकू नका, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि चारचौघांत नकार ऐकावा लागतो. मुंबईला त्यांच्या घरी जा. पहिल्या पाच मिनिटांत नकार सांगून टाका, चहा झाल्यावर नको. आणि मग एकच प्रश्न विचारा: ‘पालखी पहिली आपल्याकडे यावी, हे आपल्या मनात कशावरून आलं?’ हे विचारा आणि गप्प राहा.

कारण अटीच्या मागे बहुतेक वेळा वेगळंच काहीतरी असतं. मला आठवतं, एका घरी असंच बसलो होतो. देणगीदार साठीचे, आवाज चढलेला. आतल्या खोलीतून त्यांची आई काठी टेकत बाहेर आली, ऐंशीच्या पुढची. ती म्हणाली, ‘अरे, पालखी आमच्याकडे येते ती रात्री दोनला. मला उठवत नाही कुणी. तीन वर्षं मी ओटी भरली नाही.’ एवढंच होतं. त्यांचं घर वाडीच्या टोकाला, क्रमात शेवटून तिसरं. मुलाला वाटलं, मोठी रक्कम दिली की क्रम बदलेल आणि आई जागी असताना देवी दारात येईल. क्रम बदलायची गरजच नव्हती. आम्ही दोन गोष्टी केल्या. पालखी आधीच्या वाडीतून निघाली की एका मुलाने त्यांच्या घरी फोन करायचा. आणि ज्या दिवशी पालखी सहाणेवर असते त्या दिवशी आजींना गाडीने आणून तिथेच ओटी भरू द्यायची. सहाणेवर ओटी कुणीही भरू शकतं, त्यात कुणाच्या मानाला धक्का नाही. आजींनी त्या वर्षी सहाणेवर खण-नारळाने ओटी भरली. हिरवा खण होता, त्यांनी तो तीन वर्षं जपून ठेवला होता. मुलाने त्याच संध्याकाळी अटीशिवाय देणगी दिली. पहिल्यापेक्षा कमी होती, पण घेताना कुणाच्या मनात किंतु नव्हता.

तुमच्या गृहस्थांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. कदाचित वडिलांच्या हयातीत त्यांना गावात मान मिळाला नाही असं त्यांना वाटत असेल. कदाचित घर वर्षभर बंद असतं म्हणून पालखी दारावरून पुढे गेली असेल. ते कळलं की पत्रात तुम्ही काय देऊ करायचं तेही कळतं. भेटीत मात्र कुठलाही शब्द देऊन येऊ नका. ‘मंडळापुढे ठेवतो’ असंही म्हणू नका, कारण निर्णय झालेला आहे आणि तुम्ही तो सांगायला गेला आहात.

भेटीनंतर तीन दिवसांत पत्र. मी तुमच्या जागी असतो तर ते असं लिहिलं असतं:

श्री. ............ यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आपले दिनांक ...... चे पत्र आणि रु. ५,००,००० चा चेक मिळाला. देवीच्या सभामंडपासाठी आपण एवढ्या आपुलकीने पुढे आलात, याबद्दल विश्वस्त मंडळ आपले ऋणी आहे. आपल्या वडिलांनी देवळासाठी केलेली धावपळ आमच्यापैकी ज्येष्ठांना आजही आठवते.

आपल्या पत्रातील दोन्ही बाबींवर मंडळाच्या दिनांक ...... च्या बैठकीत चर्चा झाली.

शिमग्यातील पालखीचा क्रम गावाच्या वहिवाटीने चालत आलेला आहे. तो बदलण्याचा अधिकार विश्वस्त मंडळाकडे नाही. त्यामुळे ही अट मंडळ स्वीकारू शकत नाही, आणि पुढेही स्वीकारू शकणार नाही.

सभामंडपाच्या नावाबाबत आजवर आपल्याकडे नियम नव्हता. आपल्या पत्राच्या निमित्ताने मंडळाने तो केला असून ठरावाची प्रत सोबत जोडली आहे. यापुढे कोणत्याही वास्तूला व्यक्तीचे नाव दिले जाणार नाही. मात्र देणगीदारांच्या इच्छेनुसार ‘स्मरणार्थ’ असा फलक मंडपाच्या आतील भिंतीवर, सर्वांसाठी सारख्या मापाचा, लावता येईल.

या अटींसह देणगी स्वीकारता येत नसल्याने आपला चेक क्र. ...... या पत्रासोबत साभार परत करीत आहोत. तो बँकेत भरलेला नाही.

पालखी नेहमीच्या क्रमाने आपल्या घरी येईलच. त्या दिवशी ती आपल्या वाडीत येण्याआधी तासभर आपल्याला फोनने कळवण्याची व्यवस्था मंडळ करील. मातोश्रींना सहाणेवर ओटी भरायची असल्यास त्यांना आणण्या-नेण्याची सोय आम्ही आनंदाने करू.

आपण कोणत्याही अटीविना, कितीही रकमेची देणगी देऊ इच्छिलात तर मंडळ ती कृतज्ञतेने स्वीकारील. आपण तसे न केलेत तरी आपल्या आणि देवस्थानच्या संबंधात काही उणे येणार नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.
आपला,
सचिव, विश्वस्त मंडळाच्या वतीने

यातली वडिलांची ओळ आणि मातोश्रींची ओळ भेटीत जे कळेल त्यावरून लिहा. वडिलांनी धावपळ केली नसेल तर ती ओळ काढून टाका. देणगीदाराला आपल्या बापाबद्दलचं खोटं कौतुक सगळ्यांत आधी कळतं.

‘आणि पुढेही स्वीकारू शकणार नाही’ हे तुकडे जोडल्यासारखं आणि कठोर वाटेल. कुणीतरी विश्वस्त ते काढा म्हणेल. काढू नका. माझ्या सुरुवातीच्या काळात एका देवस्थानसाठी मी लिहिलं होतं, ‘सध्या या विषयावर विचार करणे शक्य होणार नाही.’ मला ते सौम्य वाटलं. त्या गृहस्थांनी ‘सध्या’ हा शब्द धरला. वर्षभर वाट पाहिली, आणि पुढच्या चैत्रात देवळासमोर टेम्पो येऊन थांबला. त्यात गोणपाटात गुंडाळलेली काळ्या ग्रॅनाइटची पाटी, चार फूट बाय अडीच फूट, सोनेरी अक्षरांत वडिलांचं नाव आणि खाली ‘सभामंडप’. पाटी उतरवून घ्यावी की परत पाठवावी यावर देवळाच्या अंगणातच भांडण झालं. ती परत गेली आणि ते कुटुंब नंतर अनेक वर्षं जत्रेला आलं नाही. त्यांचा दोष नव्हता, मी त्यांना आशेला लावलं होतं. नकारात ‘सध्या’, ‘तूर्त’, ‘परिस्थिती पाहता’, ‘पुढे विचार करू’ यातला एकही शब्द नको. मायेचे शब्द पत्राच्या दोन्ही टोकांना कितीही घाला, मधल्या नकाराच्या वाक्यात मात्र एकही घालू नका.

पत्रात कायद्याची कलमंही नकोत. ती तुमच्या ठरावात असू द्या. पत्रात कलम दिसलं की वाचणारा पत्र वकिलाकडे नेतो. कायद्याचा उल्लेख करावाच लागतो तो एका मागणीच्या वेळी. काही देणगीदार मंडपाबरोबर ‘आमच्या कुटुंबासाठी भक्तनिवासात एक खोली कायमची’ असं मागतात. ट्रस्टची जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरी धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, मग कायमची देणं तर दूरच. हे तोंडी सांगितलं तरी पुरतं, लोक समजून घेतात.

पत्र लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून, शक्यतो हातोहात द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. तसं जमत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर पत्राचा फोटो जाता कामा नये, ‘मंडळाने बाणेदारपणे २५ लाख नाकारले’ असं कौतुकाने सुद्धा नको. पत्राची प्रत तुमच्या फाइलला आणि अध्यक्षांकडे, बस्स. नकार जाहीर झाला की त्या माणसाला मागे येण्याचा रस्ता राहत नाही, आणि तुम्हाला तो रस्ताच तर मोकळा ठेवायचा आहे.

यानंतर चार गोष्टींपैकी एक होईल. ते गप्प बसतील. तसं झालं तर तुम्हीही महिनाभर गप्प बसा, मागे लागू नका. किंवा ते अटीविना देतो म्हणतील. तेव्हा त्यांच्याकडून एक ओळ लिहून घ्या: ‘ही देणगी मी कोणत्याही अटीविना देत आहे.’ ‘सभामंडपासाठी’ असं त्यांनी लिहिलं तर हरकत नाही, तो हेतू झाला, अट नव्हे. तेवढी रक्कम मंडपालाच खर्च करा आणि हिशोब वेगळा ठेवा. ‘कायम निधीसाठी’ म्हणाले तर तसं स्पष्ट लेखी घ्या, कारण त्याचा आयकराचा हिशोब वेगळा असतो.

तिसऱ्या शक्यतेपासून जपायचं. ‘लेखी अट काढतो, पण आपलं तोंडी ठरलंय असं समजा.’ हे एखाद्या विश्वस्ताला फोनवर सांगितलं जातं, सचिवाला नाही. त्यासाठी ठरावातच लिहा की देणगीबाबत मंडळाच्या वतीने फक्त अध्यक्ष आणि सचिव, तेही लेखी, बोलतील. याच प्रकारात ‘ठेकेदार माझा, पैसे मीच त्याला परस्पर देतो’ हेही येतं. मान्य करू नका. काम ट्रस्टचं, करार ट्रस्टचा आणि बिलही ट्रस्टच्या नावानेच हवं. नाहीतर मंडप पुरा झाल्यावर दारावरची पाटी ठेकेदारच बसवून जातो. आणि ‘थोडे रोख घ्या’ असं आलं, तर एका माणसाकडून एका दिवसात किंवा एकाच कारणासाठी दोन लाख वा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे, हे तिथेच सांगा.

चौथी शक्यता अशी की ते रागावतील आणि ती रक्कम शेजारच्या गावच्या देवळाला देतील. देऊ द्या. त्या देवळाच्या उद्घाटनाचं आमंत्रण तुमच्या मंडळाला आलं तर अध्यक्षांनी नारळ घेऊन जावं.

आणि फाल्गुनात शिमग्याची पत्रिका छापली की त्यांच्या मुंबईच्या पत्त्यावर ती इतरांच्या पत्रिकांबरोबर, त्याच दिवशी गेली पाहिजे. वेगळं पत्र जोडू नका, मागच्या विषयाचा उल्लेखही नको. फोन करायचं तुम्ही पत्रात कबूल केलं आहे. तो कोण करणार, त्या मुलाचं नाव आजच ठरवून ठेवा. पालखी नाचत येते तेव्हा ढोलांच्या आवाजात हे हमखास राहून जातं.